किल्ली खरी, तरी दार बंद

वाचकहो, आपल्या घराच्या कुलपाला माणसाची ओळख नसते. ते ओळखते फक्त किल्लीला. किल्ली चोराच्या हाती गेली, तर कुलूप चोरालाही निमूटपणे आत घेते. पासवर्डाचे पूर्वी नेमके असेच होते. आता मात्र मोठ्या संकेतस्थळांचे दार निराळ्या रीतीने वागते. पासवर्ड अचूक असला तरी ते क्षणभर थांबते, किल्ली धरणाऱ्या हाताकडे निरखून पाहते, आणि कधी कधी "हे आपणच आहात याची खात्री करता आली नाही" असे म्हणून खऱ्या मालकालाच उंबरठ्याबाहेर ठेवते. हे दार कोणता हिशेब करते आणि तो हिशेब सज्जनाच्या बाबतीत का चुकतो, ते या वेळी समजून घेऊ.

हा खटाटोप कशासाठी, ते प्रथम पाहू. बहुतेक माणसे एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरतात. एका ठिकाणची यादी चोरीला गेली की चोर तीच नावे आणि तेच पासवर्ड इतर शेकडो ठिकाणी यंत्राकरवी लावून पाहतात. 'लिंक्डइन' या नोकरी-व्यवसायाच्या संकेतस्थळावर २०१२ साली अशी चोरी झाली, आणि २०१६ साली त्यातील अकरा कोटींहून अधिक खात्यांची माहिती विक्रीला आल्याचे उघड झाले. अशा चोराजवळचा पासवर्ड खोटा नसतो, खराच असतो. म्हणून पासवर्ड बरोबर आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. तो कोण, कोठून आणि कशावरून देत आहे, हेही पाहावे लागते. त्याच २०१६ साली लिंक्डइनमधील व काही युरोपीय विद्यापीठांतील संशोधकांनी मिळून या पाहणीचे गणित प्रसिद्ध केले. प्रत्येक कंपनीची रीत थोडी निराळी असते आणि ती गुप्त ठेवली जाते. परंतु तिच्या मुळाशी असलेला विचार या गणितावरून चांगला कळतो.

दार तीन प्रकारच्या खुणा पाहते. पहिली खूण यंत्राची. आपला फोन किंवा संगणक संकेतस्थळाशी बोलताना आपण कोणता ब्राउझर वापरतो, त्याची आवृत्ती कोणती, पडदा केवढा, भाषा कोणती, घड्याळ कोणत्या देशाचे, हे सारे सांगत असतो. शिवाय मागच्या भेटीत संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरात एक छोटी चिठ्ठी ठेवलेली असते. तिला कुकी म्हणतात. ही चिठ्ठी जागेवर सापडली, तर यंत्र ओळखीचे ठरते. 'सफाई' करण्याच्या हौसेने ब्राउझरातील सर्व काही पुसून टाकणारा मनुष्य आपलीच ओळखचिठ्ठी फाडून टाकत असतो, हे सहसा त्याच्या ध्यानात येत नाही.

दुसरी खूण जागेची. ही जागा बहुधा आपला फोन सांगत नाही. ज्या जाळ्यातून आपण आलो त्याच्या पत्त्याच्या क्रमांकावरून ती ताडली जाते. या अंदाजात मोठी गफलत होऊ शकते. मोबाईल कंपन्या हजारो ग्राहकांची ये-जा थोड्याच सामाईक पत्त्यांमधून करवितात, आणि ते पत्ते पुष्कळदा दूरच्या मोठ्या शहराच्या नावावर नोंदलेले असतात. त्यामुळे जबलपुरात घरच्या वाय-फायवर असलेला मनुष्य जबलपूरचा दिसतो; पण वाय-फाय बंद करून मोबाईलच्या इंटरनेटवर आला की कदाचित मुंबईचा दिसू लागतो. दोन शहरांत सरळ रेषेत साडेआठशे किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. पाच मिनिटांत ते कोणी कापले असेल, तर ते दोन भिन्न माणसांचे काम असले पाहिजे, असा निष्कर्ष भोळे यंत्र काढते. शहाणे यंत्र केवळ शहर पाहत नाही. हे जाळे या माणसाने पूर्वी वापरले आहे काय, हेही पाहते.

तिसरी खूण वागणुकीची. मनुष्य एरवी कोणत्या वेळी येतो, आल्यावर आधी काय उघडतो, एका तासात किती वेळा प्रयत्न करतो, पासवर्ड बोटांनी टाइप करतो की एकदम चिकटवतो, अशा सवयींची नोंद होत असते. पत्र वाचणाऱ्याची चाल आणि आत शिरताच पासवर्ड बदलू पाहणाऱ्याची चाल यांत फरक असतो, आणि तो फरक मोजता येतो.

आता या खुणांपासून गुण कसे काढतात ते पाहू. प्रत्येक खुणेविषयी दोन प्रश्न विचारले जातात. ही खूण साऱ्या जगात किती आढळते? आणि या एका माणसाच्या मागील इतिहासात ती किती आढळते? पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचे. जगात दुर्मिळ पण या माणसाच्या नित्याच्या खुणेचा भागाकार फार लहान येतो, म्हणजे भरवसा वाढतो. जगात सर्रास आढळणाऱ्या पण या माणसाने कधी न दाखविलेल्या खुणेचा भागाकार मोठा येतो, म्हणजे संशय वाढतो. सर्व खुणांचे भागाकार मग एकमेकांशी गुणले जातात. त्या गुणाकाराला आपण जोखीमांक म्हणू.

एक उदाहरण घेऊ. जबलपूरच्या कांचघर वस्तीत राहणारे, गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ कल्पावे. त्यांना आपण काका म्हणू. त्यांच्या ई-मेल खात्यात पेन्शनची कागदपत्रे आहेत, दवाखान्याचे अहवाल आहेत आणि दिवंगत पत्नीची छायाचित्रेही आहेत. आजवर ते शंभर वेळा लॉगिन झाले. त्यांपैकी शहाण्णव वेळा घरच्या वाय-फायवरून, अठ्ठ्याण्णव वेळा त्याच जुन्या फोनवरून आणि पंच्याण्णव वेळा दिवसा. पुढील आकडे समजुतीसाठी मानलेले आहेत. कोणत्याही कंपनीचे ते प्रत्यक्ष आकडे नव्हेत.

प्रथम नेहमीचा दिवस. कांचघरातील ते वाय-फायचे जाळे जगात हजारात एकदा आढळते असे मानू. काकांच्या इतिहासात ते शंभरात शहाण्णव वेळा आहे. भागाकार सुमारे एक-सहस्रांश. त्यांच्या फोनचा जुना नमुना जगात दोनशेत एक; काकांकडे जवळजवळ नेहमीच तो. भागाकार सुमारे एक-द्विशतांश. दिवसाची वेळ जगात शंभरात साठ, काकांकडे शंभरात पंच्याण्णव. भागाकार सुमारे दोन-तृतीयांश. तिन्हींचा गुणाकार केला की जोखीमांक एकाच्या सुमारे तीन लाखांव्या भागाएवढा येतो. दार एकही प्रश्न न विचारता उघडते.

आता काकांनी घरीच, दिवसा, नवा फोन घेतला असे समजा. तो नमुना जगात शंभरात दोघांकडे आहे. काकांच्या इतिहासात तो मुळीच नाही. परंतु शून्याने भागता येत नाही, म्हणून न पाहिलेल्या खुणेला यंत्र शंभरात एक एवढे मान देते. भागाकार दोन येतो. जाळे आणि वेळ मात्र नेहमीचीच आहे. गुणाकार एकाच्या साडेसातशेव्या भागाच्या आसपास राहतो. संशय कित्येक पटींनी वाढला खरा, तरीही तो अल्पच आहे. एका खुणेने नकार दिला, पण उरलेल्या दोघींनी साक्ष दिली. दार फार तर एखादी सूचना पाठवील आणि आत घेईल.

तिसरा प्रसंग असा. काका मुलाकडे पुण्याला गेले. प्रवासात जुना फोन पडून फुटला; मुलाने नवा आणून दिला. रात्री अकरा वाजता, सकाळच्या परतीच्या गाडीचे तिकीट पाहण्यासाठी काकांनी ई-मेल उघडला. पुण्याचे जाळे जगात शंभरात दोन मानले, तर काकांकडे ते कधीच नव्हते, म्हणून भागाकार दोन. नवा फोन, भागाकार पुन्हा दोन. रात्रीची वेळ जगात शंभरात चाळीस आणि काकांकडे शंभरात पाच, भागाकार आठ. दोन गुणिले दोन गुणिले आठ, म्हणजे जोखीमांक बत्तीस. काका तेच आणि पासवर्डही तोच. पण नेहमीच्या दिवसाच्या तुलनेत संशय सुमारे कोटीपट झाला.

वाचकहो, चुकीचे मर्म येथेच आहे. यंत्राने तिन्ही खुणा तीन स्वतंत्र साक्षीदार मानून गुणिल्या. वस्तुतः त्या तिन्ही एकाच कारणाची अपत्ये होत: काका प्रवासाला गेले. प्रवासामुळे जाळे बदलले, प्रवासातच फोन फुटला, प्रवासामुळेच वेळ ढळली. एकाच घटनेची साक्ष तीनदा मोजली गेली. मनुष्याचे आयुष्य हळूहळू, एकेका खुणेने बदलत नाही. बदली, लग्न, आजारपण, स्थलांतर, चोरी अशा प्रसंगी ते सर्वांगाने एकदम बदलते. आणि सर्वांगाने एकदम बदललेला मनुष्य यंत्राला हुबेहूब चोरासारखा दिसतो, कारण चोराचेही सर्वच परके असते. म्हणून ज्या दिवशी खात्याची निकड सर्वांत जास्त, नेमके त्याच दिवशी दार बंद होण्याचा संभव सर्वांत जास्त.

कोणी म्हणेल, यंत्र अधिक अचूक करावे. ते होतच आहे. पण त्यालाही संख्येची मर्यादा आहे. समजा, दहा लाख लॉगिनांमध्ये एक हजार चोरांची आहेत. यंत्र इतके उत्तम की शंभरातील नव्याण्णव चोर ओळखते आणि शंभरातील केवळ एका सज्जनाला चुकून अडविते. तर अडविलेल्यांत चोर नऊशे नव्वद, आणि सज्जन नऊ हजार नऊशे नव्वद. बंद दारापाशी उभ्या असलेल्या दर अकरा जणांपैकी सुमारे दहा जण घराचे मालकच असतील! यंत्र वाईट आहे म्हणून असे होते असे नाही. सज्जनांची संख्या चोरांहून फारच मोठी आहे, म्हणून होते.

यासाठीच बहुतेक ठिकाणी जोखीमांक वाढताच दार एकदम बंद करीत नाहीत. आधी आणखी एक पुरावा मागतात. नोंदविलेल्या मोबाईलवर सांकेतिक क्रमांक येतो, किंवा दुसऱ्या ई-मेलचा पत्ता विचारला जातो. हा उपाय गुणकारी आहे. गूगलने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, मोबाईलवरील क्रमांकाने यंत्रांकरवी होणारे सर्व हल्ले आणि सरसकट फसवणुकीचे शंभरातील शहाण्णव हल्ले अडविल्याचे दिसले. पण तिथेच दुसरी बाजूही नमूद होती: एका प्रयोगात, पुरावा मागितला तेव्हा शंभरातील अडतीस वापरकर्त्यांजवळ त्यांचा फोन नव्हता, आणि चौतीस जणांना आपला दुसरा ई-मेल पत्ता आठवला नाही. म्हणजे कडी मजबूत होती, पण ती आतून काढण्याचे साधन घरमालकाच्या हाताशी नव्हते.

आपल्या देशात या अडचणीला आणखी एक पदर आहे. फोनबरोबर सिमही गेले आणि त्याच क्रमांकाचे नवे सिम घेतले, तर ते सुरू झाल्यावर पहिले चोवीस तास लघुसंदेशांची सेवा थांबविली जाते. दूरसंचार विभागाने ही व्यवस्था २०२२ साली आणली. दुसऱ्याच्या नावाचे सिम काढून त्याच्या बँकेचे ओटीपी पळविणाऱ्यांना रोखणे, हा तिचा हेतू. हेतू रास्त आहे, पण त्या चोवीस तासांत खऱ्या मालकालाही ओटीपी मिळत नाही. दुसरी गोष्ट अशी की, बंद पडलेला क्रमांक कायम आपला राहत नाही. किमान नव्वद दिवसांच्या अवधीनंतर तो दुसऱ्या ग्राहकास दिला जाऊ शकतो. पाच वर्षांपूर्वी सोडून दिलेला क्रमांक जर खात्यात तसाच राहिला असेल, तर आपल्या घराची दुसरी किल्ली एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात असू शकते.

बँकांच्या व्यवहारातही हीच पाहणी चालते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांत डिजिटल देयकांसाठी दोन पुरावे आवश्यक ठेवले, आणि त्याखेरीज व्यवहाराची जागा, ग्राहकाची वागणूक, यंत्राच्या खुणा व मागील व्यवहार पाहून जोखमीनुसार अधिक तपासणी करण्यास वाव दिला. पालनाची तारीख १ एप्रिल २०२६ ही ठरविण्यात आली. तेव्हा ज्याला ई-मेलच्या दाराचा स्वभाव कळला, त्याला बँकेच्या दाराचाही बराचसा कळेल.

आता पुण्यात अडकलेल्या काकांनी काय करावे? प्रथम दारावरील शब्द नीट वाचावेत. "पासवर्ड चुकीचा आहे" असे असेल, तर चूक स्मरणाची किंवा टंकनाची. पासवर्ड स्वीकारला जाऊन "आपली खात्री पटली नाही" किंवा "नंतर प्रयत्न करा" असे आले, तर अडथळा जोखीमांकाचा आहे, आणि पासवर्ड बदलण्याच्या खटपटीने तो दूर होणार नाही. अशा वेळी सर्वांत घातक गोष्ट म्हणजे पुनःपुन्हा दार ठोठावणे. मुलाच्या फोनवरून, सुनेच्या लॅपटॉपवरून, शेजाऱ्याच्या संगणकावरून प्रयत्न केले, की प्रत्येक वेळी एक नवी परकी खूण भर पडते आणि घाईघाईचे प्रयत्न ही स्वतःच चोराची चाल ठरते. काकांनी थांबावे. तिकिटाचा क्रमांक लघुसंदेशात किंवा तिकीट काढून देणाऱ्याकडे मिळतो काय ते पाहावे आणि ई-मेलचे काम घरी पोचेपर्यंत राखून ठेवावे.

कांचघरात परतल्यावर त्यांनी त्याच वाय-फायवरून, शक्य तर पूर्वी वापरलेल्या संगणकावरून व त्याच ब्राउझरातून, दिवसा प्रयत्न करावा. खाते परत मिळविताना ओळखीचे यंत्र आणि ओळखीची जागा वापरा, असा सल्ला गूगल स्वतःच देते. त्याचे कारण आता आपल्या ध्यानात आलेच असेल. फुटलेला फोन टाकून देऊ नये. केवळ काच गेली असेल आणि आतील यंत्र शाबूत असेल, तर काच बदलून तोच फोन सुरू करावा. त्यातील ओळखचिठ्ठी नव्या फोनाच्या किमतीहून मोलाची ठरते. पैसे घेऊन खाते उघडून देतो असे म्हणणाऱ्याच्या वाटेला मात्र जाऊ नये. त्याला ओटीपी सांगितला की दार त्याच्यासाठी उघडते, आपल्यासाठी नव्हे.

मुळात ही वेळ येऊ नये यासाठी गणितातूनच एक नियम निघतो: सर्व खुणा एकदम बदलू देऊ नयेत. नवा फोन घ्यावयाचा असेल तर प्रवासापूर्वी घ्यावा, आणि जुना फोन चालू असतानाच घरच्या वाय-फायवर त्यातून लॉगिन करावे. आठवडाभर दोन्ही राहू द्यावेत. मोबाईल क्रमांक बदलायचा असेल तर जुना बंद होण्यापूर्वीच नवा प्रत्येक खात्यात नोंदवावा. गूगलच्या बाबतीत नवा क्रमांक नोंदविल्यानंतरही सात दिवसांपर्यंत जुन्या क्रमांकावर पुरावा मागितला जाऊ शकतो; म्हणून जुने सिम निदान तेवढे दिवस जिवंत ठेवावे.

दुसरा उपाय कागदाचा आहे. ज्यांनी दोन टप्प्यांची पडताळणी सुरू केली आहे, त्यांना गूगल दहा राखीव सांकेतिक क्रमांक देते. प्रत्येक क्रमांक आठ अंकी असतो आणि एकदाच चालतो. त्याला ना फोन लागतो, ना सिम. हे दहा क्रमांक कागदावर उतरवून घरी, जेथे आपण रेशनकार्ड व विम्याची कागदपत्रे ठेवतो तेथे ठेवावेत, आणि दोन-तीन क्रमांक लिहिलेली एक चिठ्ठी प्रवासात पाकिटात असावी. तिच्यावर खात्याचे नाव किंवा पासवर्ड लिहू नये. मग ती हरवली तरी सापडणाऱ्याला एकट्या चिठ्ठीचा उपयोग नाही. काकांच्या पाकिटात अशी चिठ्ठी असती, तर पुण्यातील त्या रात्री जोखीमांक बत्तीस असूनही तिकीट दिसण्याची आशा पुष्कळ वाढली असती.

तथापि जोखीमांक कमी आला म्हणजे चोर नाहीच, असेही समजू नये. हल्लीचे चोर घातक प्रणालीद्वारे ब्राउझरातील कुकीच पळवितात आणि बळीच्या शहरातील जाळ्यामार्फत येतात. यंत्राला ते घरच्यासारखेच दिसतात. खात्याच्या सुरक्षिततेच्या पानावर कोणकोणत्या यंत्रांतून प्रवेश झाला, त्याची यादी असते. महिन्यातून एकदा ती उघडावी, आणि आपले नसलेले किंवा विकून टाकलेले यंत्र तिच्यात दिसल्यास तेथूनच त्याला बाहेर काढून पासवर्ड बदलावा. त्याच पानावर नोंदविलेला मोबाईल क्रमांकही दिसतो. तो आज खरोखर आपल्या हातातील फोनचा आहे ना, हे आज संध्याकाळी घरातील वडील मंडळींच्या खात्यांतही पाहून घ्यावे.